सॅलरी स्लिप आणि डिक्लेरेशनचे दोन स्क्रीनशॉट: जुनी करप्रणाली की नवी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्याला किंवा घरातल्या ‘कराचं कळणाऱ्या’ माणसाला वर्षातून एकदा तरी हे दोन फोटो येतात. एकात सॅलरी स्लिप, दुसऱ्यात कंपनीच्या पोर्टलवर भरलेली गुंतवणूक, आणि खाली एक ओळ: ‘सांग, जुनी बरी की नवी?’ म्हणजे आयकर वजावटी घेऊन जुन्या दरांनी मोजायचा, की जवळजवळ वजावटींशिवाय नव्या, कमी दरांनी? खालची उत्तरं आर्थिक वर्ष २०२५-२६ ची आहेत, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या पगाराची. ती खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या, साठीच्या आतल्या निवासी माणसासाठी आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील.

नुसत्या दोन स्क्रीनशॉटवरून उत्तर खरंच काढता येतं का?

बहुतेक पगारदारांच्या बाबतीत येतं. नव्या प्रणालीचा कर जवळजवळ पहिल्याच स्क्रीनशॉटवरून निघतो. जुन्या प्रणालीला दोन्ही लागतात. घोटाळा होतो तो दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये, कारण तिथले आकडे तुम्ही स्वतः टाकलेले असतात. ‘मी इतकं भरलं’ किंवा ‘मी इतकं भरणार’ एवढंच ते सांगतात. कायदा त्यातलं किती मान्य करतो, हे त्या पडद्यावर दिसेलच असं नाही. ही तफावत कधी कधी इतकी मोठी असते की तीच दोन चित्रं बघून दोन माणसं उलट उत्तरं देतात. आपल्या उदाहरणात तसंच होतं.

उदाहरणातल्या स्क्रीनशॉटमध्ये काय आहे?

पुण्यात भाड्याच्या घरात राहणारी एक कर्मचारी आहे. तिची ऑक्टोबर २०२५ ची स्लिप अशी:

- बेसिक ६०,०००
- एचआरए २४,०००
- स्पेशल अलाउन्स ३१,०००
- दिवाळी बोनस २०,०००
- एकूण १,३५,०००
- कपात: पीएफ ७,२००, व्यवसाय कर २००, टीडीएस ७,०८५
- हातात १,२०,५१५

डिक्लेरेशनच्या पानावर:

- घरभाडे दरमहा २२,०००
- ८०सी: पीएफ ८६,४००, आयुर्विमा ३०,०००, ईएलएसएस ४०,०००, पीपीएफ ५०,०००, बेरीज २,०६,४००
- ८०सीसीडी(१बी): एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, स्वतः भरलेले ५०,०००
- ८०डी: आरोग्य विमा २२,०००

महिन्याच्या स्लिपवरून वर्षाचं उत्पन्न कसं काढायचं? बाराने गुणलं की झालं ना?

नाही. पहिली चूक इथेच होते. १,३५,००० ला बाराने गुणलं तर १६,२०,००० येतात, आणि दिवाळी बोनस बारा वेळा मिळाल्यासारखा होतो. दर महिन्याला नक्की येणारं तेवढंच बाराने गुणायचं: बेसिक, एचआरए आणि स्पेशल अलाउन्स मिळून १,१५,०००, म्हणजे वर्षाचे १३,८०,०००. त्यात एकदाच मिळालेला बोनस धरला की १४,००,०००. आपलं उत्पन्न हे.

उदाहरणात पगार वर्षभर सारखाच आहे. तुमची पगारवाढ जुलैत झाली असेल तर एप्रिल ते जूनचा जुना पगार वेगळा धरावा लागेल. स्लिपवर `YTD` नावाचा रकाना असेल तर काम सोपं होतं, कारण त्यात एप्रिलपासून आजवरची बेरीज असते. तिच्यात उरलेल्या महिन्यांचा नेहमीचा पगार मिळवायचा. थकबाकी, रजेचे पैसे, वार्षिक इन्सेन्टिव्ह असं काही त्या महिन्यात घुसलंय का, ते ओळी वाचून ठरवायचं. नुसती तळाची बेरीज बघून ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच जणांनी पाठवलेला कागद सॅलरी स्लिपचा नसून सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, पत्राचा असतो. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीसुद्धा मिळवलेली असते, आणि ते पैसे या हिशेबात करपात्र पगार म्हणून धरायचे नाहीत. ‘माझा पगार पंधरा लाख’ म्हणणाऱ्याचं स्लिपवरचं वार्षिक उत्पन्न चौदाच्या आसपास भरतं, ते बहुतेक याचमुळे.

नव्या प्रणालीत किती कर बसेल?

हा हिशेब छोटा आहे. १४,००,००० मधून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की करपात्र उत्पन्न १३,२५,०००. पहिल्या चार लाखांवर कर नाही. पुढे दर चार लाखांना दर पाच टक्क्यांनी चढतो: चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारावर १०, बारा ते सोळावर १५, आणि असंच चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के.

म्हणजे २०,०००, अधिक ४०,०००, अधिक वरच्या १,२५,००० चे १५ टक्के म्हणजे १८,७५०. एकूण ७८,७५०. त्यावर ४ टक्के उपकर ३,१५०. नव्या प्रणालीचा कर ८१,९००.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य इथे अनेकांना चकवतं. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० पर्यंत रिबेट मिळून कर शून्य होतो, हे खरं. पण उत्पन्न त्यापुढे गेलं की रिबेट जातो आणि कर चार लाखांपासून मोजला जातो. सीमेच्या अगदी लगत असलेल्यांना थोडा दिलासा आहे. तो पुढे एनपीएसच्या प्रश्नात येतो.

स्लिपवर एचआरए २४,००० आहे. मग वर्षाचे २,८८,००० करमुक्त धरायचे का?

सगळ्यात जास्त पैशांची चूक याच ओळीवर होते. स्लिपवरचा एचआरए म्हणजे कंपनीने घरभाडे भत्ता म्हणून दिलेली रक्कम. त्यातलं करमुक्त किती, हे तीन आकडे काढून त्यातला सर्वांत लहान घेऊन ठरतं.

पहिला आकडा मिळालेला एचआरए: २,८८,०००. दुसरा, शहराप्रमाणे बेसिकच्या ५० किंवा ४० टक्के: पुण्याला ४० टक्के, म्हणजे ७,२०,००० चे २,८८,०००. तिसरा, भरलेल्या भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा केलेली रक्कम: २,६४,००० वजा ७२,०००, म्हणजे १,९२,०००. सर्वांत लहान तिसरा, म्हणून करमुक्त फक्त १,९२,०००. उरलेले ९६,००० करपात्रच.

पगारात महागाई भत्ता असेल आणि तो निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जात असेल, तर इथे बेसिकमध्ये तोही मिळवायचा. खासगी कंपन्यांत ही ओळ बहुधा नसतेच.

५० टक्क्यांचा दर या वर्षासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहे, आणि ऑफिस कुठे आहे यापेक्षा भाड्याचं घर कुठे आहे ते बघायचं असतं. ‘पुणे मेट्रो का नाही?’ यावर वाद पुष्कळ रंगतो. आपल्या उदाहरणात मात्र ५० टक्के धरले असते तरी उत्तर बदललं नसतं, कारण सर्वांत लहान आकडा भाड्याचा होता. मध्यम भाडं भरणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं.

८०सी मध्ये २,०६,४०० दिसतात. ते सगळे मिळतील ना?

नाही. आयकर कायद्याच्या कलम ८०सीची मर्यादा १,५०,०००. पोर्टलवर तुम्ही कितीही टाका, त्यावरचे ५६,४०० या हिशेबाच्या दृष्टीने नसल्यासारखेच. काही पोर्टलवर ‘डिक्लेअर्ड’ आणि ‘एलिजिबल’ असे दोन रकाने असतात; स्क्रीनशॉटमध्ये फक्त पहिला आला असेल तर बेरीज फसवी असते.

दुसरी गोम पीएफची. स्लिपमधून कापला जाणारा तुमचा पीएफ, इथे ७,२०० गुणिले बारा म्हणजे ८६,४००, आपोआप ८०सी मध्ये जातो. काही पोर्टल तो स्वतःहून दाखवतात, काहीत तो वेगळ्या पानावर असतो. त्यामुळे कुणी तो दोनदा धरतं, तर कुणी विसरून जातं आणि मर्यादा भरण्यासाठी मार्चमध्ये घाईने पॉलिसी घेतं. आपल्या उदाहरणात पीएफनंतर मर्यादेत फक्त ६३,६०० ची जागा उरली होती. तिथे १,२०,००० भरले गेलेत. पीपीएफ चांगलं की वाईट हा वेगळा विषय. या वर्षीचा कर त्यातल्या ५६,४०० मुळे एक रुपयानेही कमी होत नाही.

आयुर्विम्याच्या ओळीवरही एक नजर टाका. हप्ता स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या पॉलिसीचा चालतो. आईवडिलांच्या आयुर्विम्याचा हप्ता ८०सी मध्ये बसत नाही. त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता मात्र ८०डी मध्ये बसतो, आणि तोही स्वतःच्या कुटुंबाच्या २५,००० च्या मर्यादेशिवाय वेगळा: २५,०००, ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५०,००० पर्यंत. हप्ता रोखीने भरलेला नसावा.

मग जुन्या प्रणालीत शेवटी किती कर येतो?

उत्पन्न १४,००,०००. त्यातून एचआरए १,९२,०००, स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा केले की उरतात ११,५५,५००. स्लिपवर व्यवसाय कर २०० दिसतो, पण महाराष्ट्रात फेब्रुवारीत तो ३०० कापतात, म्हणून वर्षाचे २,५००. पुढे ८०सीचे १,५०,०००, एनपीएसचे ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २२,००० वजा केले की करपात्र उत्पन्न ९,३३,५००.

जुन्या प्रणालीत अडीच लाखांपर्यंत कर नाही, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० टक्के, त्यावर ३० टक्के. म्हणजे १२,५००, अधिक ४,३३,५०० चे २० टक्के ८६,७००, एकूण ९९,२००. उपकर ३,९६८ धरून १,०३,१६८.

नवी ८१,९००, जुनी १,०३,१६८. एवढी सगळी गुंतवणूक करूनही नवी प्रणाली २१,२६८ रुपयांनी स्वस्त.

माझ्या मित्राने हेच आकडे घालून जुनी स्वस्त काढली. कोण बरोबर?

मित्राने बहुधा स्क्रीनशॉटवरचे आकडे जसेच्या तसे उचलले. एचआरए पूर्ण २,८८,०००, ८०सी पूर्ण २,०६,४००, बाकी सारखंच. तसं केलं तर करपात्र उत्पन्न ७,८१,१०० वर येतं आणि उपकरासह कर सुमारे ७१,४७०. नव्या प्रणालीपेक्षा दहा हजारांहून अधिक कमी! बेरीज-वजाबाकी बिनचूक, निष्कर्ष उलटा. एचआरएचे ९६,००० आणि ८०सीचे ५६,४०० मिळून १,५२,४०० ची वजावट हवेतली होती.

म्हणून दुसऱ्याचा हिशेब तपासताना करापासून सुरुवात करू नका. ‘एचआरए किती धरला?’ आणि ‘८०सी किती धरलं?’ हे दोन प्रश्न आधी विचारा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

जुनी फायद्याची ठरायला या कर्मचारीला अजून किती वजावट लागली असती?

ती सध्या जुन्या प्रणालीच्या २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे, म्हणजे वजावटीतला प्रत्येक जादा रुपया उपकरासह २०.८ पैसे वाचवतो. २१,२६८ चा फरक भरून काढायला १,०२,२५० ची आणखी वजावट हवी. तेवढी झाली की दोन्ही प्रणाली बरोबरीत येतात, त्यापुढे जुनी पुढे जाते. एकूण सांगायचं तर स्टँडर्ड डिडक्शन आणि एचआरए धरून तिच्या वजावटी ४,६६,५०० आहेत. १४ लाखांच्या पगाराला बरोबरीसाठी ५,६८,७५० लागतात.

हा आकडा सगळ्यांना लावू नका. पगार बदलला की तो बदलतो. ‘पावणेचार लाखांच्या वर वजावट असेल तर जुनी’ अशी जी वाक्यं फिरतात, ती कधीतरी कुठल्यातरी वर्षाच्या दरांवर कुणासाठी तरी खरी होती. स्लॅब दोन अर्थसंकल्पांत बदलले आणि वाक्य तसंच राहिलं.

एवढी मोठी जादा वजावट सहसा एकाच ठिकाणाहून येते: गृहकर्जाचं व्याज. समजा तिचं साताऱ्याला स्वतःचं घर आहे, कर्ज चालू आहे, आणि नोकरीमुळे ती पुण्यात भाड्याने राहते. स्वतःच्या वापराच्या घराचं व्याज जुन्या प्रणालीत कलम २४(बी) खाली २,००,००० पर्यंत वजा होतं, आणि अशा स्थितीत एचआरएही मिळतो. मग करपात्र उत्पन्न ७,३३,५००, कर उपकरासह ६१,५६८, आणि जुनी प्रणाली २०,३३२ रुपयांनी स्वस्त.

फक्त ताबा मिळालाय का ते बघा. इमारत बांधकामात असेल तर त्या वर्षीचं व्याज वजा होत नाही. ताबा मिळाल्यानंतर ते पाच समान हप्त्यांत मागता येतं, आणि तेही त्याच दोन लाखांच्या मर्यादेत. पोर्टल ताबा विचारतं, पण लोक हप्ता चालू आहे म्हणून व्याज टाकून मोकळे होतात.

नव्या प्रणालीत काहीच वजावट नाही, हे खरं आहे का?

जवळजवळ खरं. ८०सी, ८०डी, एचआरए, प्रवास सवलत, व्यवसाय कर, स्वतः राहत्या घराचं व्याज, यातलं काहीही तिथे चालत नाही. पण एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो डिक्लेरेशनच्या पानावर सहसा दिसतच नाही: *कंपनीने* तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम. कलम ८०सीसीडी(२) खाली नव्या प्रणालीत ती बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. खासगी नोकरदाराला जुन्या प्रणालीत ही मर्यादा १० टक्के. आपल्या उदाहरणातले ५०,००० तिने स्वतः भरलेत, म्हणून ते नव्या प्रणालीत निरुपयोगी. पैसे त्याच खात्यात जातात, फरक फक्त कुणाच्या हातून जातात एवढाच.

समजा कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला तिच्या स्पेशल अलाउन्समधून बेसिकच्या १४ टक्के, म्हणजे महिन्याला ८,४००, एनपीएसकडे वळवले असते. वर्षाचे १,००,८००. करपात्र उत्पन्न १२,२४,२०० झालं असतं. दरांप्रमाणे कर ६३,६३० येतो, पण इथे सीमेवरचा दिलासा लागू होतो: उत्पन्न १२ लाखांच्या जेवढं वर गेलं, त्याहून जास्त कर घेता येत नाही. वर गेलंय २४,२००, म्हणून कर २४,२००, उपकरासह २५,१६८. मूळच्या ८१,९०० ऐवजी! ५६,७३२ रुपयांची बचत.

तेच ऑक्टोबरात लक्षात आलं आणि उरलेल्या सहा महिन्यांसाठी केलं, तर ५०,४०० वळतात आणि करपात्र उत्पन्न १२,७४,६०० राहतं. सीमेवरचा दिलासा साधारण १२,७०,५८८ ला संपतो. हे उत्पन्न त्याच्या जरा पुढे पडलं. कर उपकरासह सुमारे ७४,०३८, बचत फक्त ७,८६२. वळवलेली रक्कम निम्मी, फायदा सातवा हिस्सा.

या पैशांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते साधारणपणे निवृत्तीपर्यंत अडकतात आणि हातात येणारा पगार तेवढा कमी होतो. घरभाड्याला ओढाताण होत असेल तर कराचा हा फायदा कागदावरच गोड लागतो. आणि कंपनीकडे ही सोय असायला हवी. स्वतःहून भरून ती मिळत नाही.

कंपनी सध्या कोणत्या प्रणालीने कर कापतेय, ते स्लिपवरून कळतं का?

काही स्लिपांवर सरळ लिहिलेलं असतं. नसेल तर टीडीएसवरून ओळखता येतं. उदाहरणात एप्रिल ते सप्टेंबर दरमहा ६,५६५ कापले गेले. ते गुणिले बारा ७८,७८०, म्हणजे बोनसशिवायच्या १३,८०,००० वरचा नव्या प्रणालीचा कर. ऑक्टोबरात बोनस आला, वार्षिक कर ८१,९०० झाला. त्यातून कापलेले ३९,३९० वजा करून उरलेले ४२,५१० सहा महिन्यांत वाटले, म्हणून ७,०८५. आकडा जुळला, म्हणजे नवी प्रणाली चालू आहे.

म्हणजे डिक्लेरेशनचं पान भरलेलं आहे, पण कंपनी त्यातलं काही धरत नाहीये! असं पुष्कळदा होतं. नवी प्रणाली आपोआप लागू होणारी आहे. जुनी हवी असेल तर तसं कंपनीला कळवावं लागतं. गुंतवणूक भरली म्हणजे जुनी निवडली असं होत नाही.

डिक्लेअर केलं, पण पुरावे दिले नाहीत तर?

जुनी निवडली असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत कंपनी पावत्या मागते. ज्या ओळीचा पुरावा नाही ती काढून टाकतात आणि उरलेला कर शेवटच्या एकदोन पगारांतून कापतात. आपल्या उदाहरणात एकट्या एचआरएचा पुरावा राहिला तर जुन्या प्रणालीचा कर १,०३,१६८ वरून १,५६,१५६ वर जातो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, आणि अडतं ते बहुतेक तिथेच. तो मिळणार नाही असं दिसत असेल तर तुलना करतानाच एचआरए शून्य धरा.

खरोखर केलेला खर्च असेल तर कंपनीने न धरलेली वजावट विवरणपत्रात मागता येते. पण तिथेही पॉलिसी क्रमांकासारखे तपशील भरावे लागतात, तेव्हा कागद हाताशी हवेत.

कंपनीला नवी सांगितली, विवरणपत्रात जुनी घेतली तर चालेल का?

चालेल. कंपनीकडची निवड फक्त टीडीएसपुरती. धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसलेला पगारदार दर वर्षी विवरणपत्र भरताना नव्याने निवड करू शकतो. अट एकच, आणि ती कडक: जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत भरायचं. पगारदारांसाठी ही मुदत ३१ जुलै २०२६. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात जुनी प्रणाली मिळत नाही, मग वजावटी कितीही असोत.

फॉर्मवरचा प्रश्न उलटा विचारलेला असतो: नव्या प्रणालीतून *बाहेर पडायचंय* का? ‘हो’ म्हणजे जुनी. घाईत ‘हो, नवी हवी’ असं समजून टिचकी मारणारे कमी नाहीत.

बाजूला फ्रीलान्सचं काम करत असाल तर हा मोकळेपणा नाही. जुनीसाठी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा जुनी घेऊन नवीत परतलात की धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

या दोन स्क्रीनशॉटमध्ये न दिसणारं काय राहतं?

मुदत ठेवींचं व्याज हे सगळ्यात मोठं. ते दोन्ही प्रणालींत उत्पन्नात मिळवायचं असतं, आणि १२ लाखांच्या सीमेजवळच्या माणसाचं चित्र ते एका झटक्यात बदलतं. आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून एआयएस हे वार्षिक माहितीपत्रक उघडलं की बँकांनी कळवलेलं व्याज दिसतं. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड विकले असतील तर त्या नफ्याचे दर वेगळे. त्या करावर नव्या प्रणालीतला ८७ए चा रिबेट मिळत नाही, म्हणून ‘बारा लाखांच्या आत आहे, कर शून्य’ हे तिथे चुकतं.

वर्षात नोकरी बदलली असेल तर आधीच्या कंपनीची शेवटची स्लिपही लागेल. नव्या कंपनीला जुना पगार कळवला नाही, तर दोन्हीकडे स्टँडर्ड डिडक्शन आणि शून्य कराचा टप्पा दोनदा धरला जातो. टीडीएस कमी दिसतो, आणि फरक जुलैत व्याजासह भरावा लागतो.

स्क्रीनशॉट पाठवताना काय ठेवायचं, काय झाकायचं?

ठेवायचं: स्लिपचा महिना आणि वर्ष, कमाईच्या आणि कपातीच्या सगळ्या ओळी, `YTD` रकाना. डिक्लेरेशनचं पान लांब असतं आणि एका स्क्रीनमध्ये मावत नाही. गृहकर्जाची आणि भाड्याची माहिती बऱ्याचदा खाली किंवा वेगळ्या टॅबवर असते, म्हणून दोनतीन फोटो लागले तरी घ्या. वर आर्थिक वर्ष कोणतं निवडलंय ते त्यात आलं पाहिजे. गेल्या वर्षीचं पान उघडं राहिलेलं असलं तर सगळा हिशेब गेल्या वर्षीच्या गुंतवणुकीवर होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

झाकायचं: पॅन, यूएएन, बँक खाते क्रमांक, कर्मचारी क्रमांक, घरमालकाचा पॅन आणि पत्ता. तुलनेला यातलं काहीच लागत नाही. फोनमधल्या हायलाइटर पेनने झाकू नका. तो अर्धपारदर्शक असतो आणि उजेड वाढवला की खालचे अंक वाचता येतात. ठोकळ्याच्या आकाराने पूर्ण काळं करा, किंवा तो भाग कापूनच टाका. कापताना मात्र वरची महिना-वर्षाची ओळ सोबत जाणार नाही एवढं बघा.